शेजारची जागा

मंगळवार, रात्री साडेनऊ

भाकरी टाकून झाल्या, ओटा पुसला, आणि वही घेऊन बसले. आज संध्याकाळच्या गाडीत एक गोष्ट घडली. दुसऱ्या कुणी पाहिली असती तर त्यात काही घडलं असं त्याला वाटलंच नसतं. एक बाई एका रिकाम्या सीटवर बसली, एवढंच. ती बाई मी होते.

वाई ते सातारा मी अकरा वर्षं एसटीनं जाते-येते. पस्तीसेक किलोमीटर, साधारण तासाभराचा रस्ता. सकाळी जाताना मन ऑफिसात पोचलेलं असतं आणि संध्याकाळी येताना घरी. मधल्या तासाकडं मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. गेले पंधरा दिवस ठरवून पाहते आहे. एका दिवशी एकच गोष्ट पाहायची, असा नेम केला: एक दिवस फक्त जागा, एक दिवस फक्त नजर. आज ते सगळं एका ठिकाणी आलं, म्हणून सावकाश लिहिते. उद्या कुणी हे वाचलंच, तर त्यानंही सावकाश वाचावं, माझ्या शेजारच्या सीटवर बसल्यासारखं.

आधी फलाटावर उभे राहा. गाडी अजून आत आलेली नाही. कुणी कुणाशी बोलत नाही, पण प्रत्येकानं आपली उभी राहण्याची जागा हेरून ठेवली आहे. गाडी लागली की दार साधारण कुठं येणार हे रोजच्या माणसांना पावलांच्या हिशेबानं ठाऊक असतं. गाडी वळण घेऊन आत येते, आणि ती थांबायच्या आधीच तिच्या अंगाला चिकटून माणसं पळू लागतात. काच सरकवून हात आत जातो. सीटवर रुमाल पडतो. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, वहीसुद्धा.

आता फक्त त्या रुमालाकडं पाहा. चुरगळलेला, घामाचा, चौकड्यांचा रुमाल. त्याच्यावर ना नंबर आहे, ना शिक्का. महामंडळाच्या कुठल्या नियमात तो बसत असेल असं मला वाटत नाही. दाराशी चेंगरून आत शिरलेला माणूस त्या सीटपाशी येतो, रुमाल पाहतो आणि पुढं जातो. ज्याचा रुमाल आहे तो अजून बाहेरच आहे, पायरीवर अडकलाय, त्याचा चेहराही या माणसानं पाहिलेला नाही. तरी तो पुढं जातो. मला याचं फार वाटतं. अनोळखी माणसाच्या गैरहजेरीत त्याचा शब्द पाळणं आहे ते, आणि तो शब्द त्यानं तोंडानं दिलेलाही नाही.

या रुमालाला मर्यादाही आहेत आणि त्या सगळ्यांना पाठ आहेत. आरक्षणाचं तिकीट घेऊन कुणी आलं तर रुमाल निमूट उचलावा लागतो. एक रुमाल म्हणजे एक जागा. एका रुमालावर चार जणांचं कुटुंब बसवायला निघालं की कुरकुर सुरू होते. आणि त्याला मुदत असते. कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी हलली आणि रुमालवाला आलाच नाही, तर शेजारी उभा असलेला माणूस आधी दाराकडं पाहतो, मग आजूबाजूच्या दोघा-तिघांच्या चेहऱ्याकडं पाहतो, आणि मग रुमाल उचलून खिडकीच्या पट्टीवर ठेवतो. खाली टाकत नाही. त्या दोघा-तिघांकडं पाहण्यात परवानगी मागणं असतं. कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे मिळाली.

भांडण होतं ते बहुतेक दोन रुमाल एकाच सीटवर पडले की. दोन बाजूंच्या दोन खिडक्यांतून. तेव्हा आवाज चढतो, पण वाद कशावर असतो ते ऐका. रुमालाला अर्थ आहे की नाही यावर नसतो. कुणाचा आधी पडला, यावर असतो.

आता आत या आणि बसा. गाडी अर्धी रिकामी आहे असं समजा, म्हणजे दुपारची. दोन्ही बाजूंना दोन-दोनच्या सीट. पहिली माणसं कुठं बसतात? खिडकीला, एकेका सीटवर एकेकटी. सगळ्या खिडक्या भरेपर्यंत दुसऱ्याच्या शेजारी कुणी बसत नाही. तीन खिडक्या मोकळ्या असताना कुणी मुद्दाम येऊन तुमच्या शेजारी बसलं, तर तुम्ही मनात सावध होता. तोच माणूस, तीच सीट, पण गाडी भरलेली असेल तर काहीच वाटत नाही. म्हणजे बसण्याचा अर्थ सीटमध्ये नसतो, बाकीच्या मोकळ्या जागांमध्ये असतो.

खिडक्या संपल्या की खरी निवड सुरू होते, आणि ती दोन-तीन सेकंदांत उरकते. चढणारी बाई आधी बाईशेजारची जागा शोधते. पुरुष पुरुषाशेजारची. एकट्या बाईशेजारी जागा मोकळी असली तरी तरुण मुलगा दांडीला धरून उभा राहतो. वयस्क गृहस्थ असले तर जरा थबकून "बसू का?" विचारतात, आणि बसले तरी अर्धे बाहेरच्या बाजूला. कधी कधी तिसराच कुणी हा गुंता सोडवतो. दुसऱ्या एखाद्या बाईशेजारी बसलेला पुरुष उठतो, मागच्या सीटवर जातो, आणि मोकळ्या झालेल्या जागेकडं हात करून म्हणतो, "ताई, तुम्ही हितं या. काका, तुम्ही त्यांच्या जागेवर." तीन माणसं हलतात आणि सगळी नीट बसतात. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या गाडीत बायका पुष्कळ वाढल्या, आणि हा जुना हिशेब ताणला गेला. राखीव सीट भरून बायका मागपर्यंत बसू लागल्या. पूर्वी शेवटच्या सीटवर बाई अपवादानं दिसायची. आता पुरुषाशेजारी बाई बसली तर कुणी मान वळवत नाही. न लिहिलेला नियम असा गुपचूप बदलतो. कुणी रद्द केल्याचं जाहीर करत नाही. एक दिवस लक्षात येतं की आपण तो पाळत नाही आहोत.

उभ्या माणसांचेही नियम आहेत. बसलेल्याला हळूच विचारायचं, "कुठं उतरणार?" तो म्हणाला "पाचवड", की त्याच्या सीटच्या दांडीला धरून उभं राहायचं. ती जागा पाचवडपासून तुमची. मागून आलेला कुणी तिथं घुसला तर बसून असलेलाच माणूस उठताना सांगतो, "त्यांनी आधी विचारलंय." जाता जाता तो जागा कुणाच्या तरी हाती सोपवून जातो.

एम.ए.ला बाहेरून समाजशास्त्र घेतलं होतं, तेव्हा स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग वाचला होता. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. काम एकच: बसलेल्या माणसाला, काहीही कारण न देता, तुमची जागा मला द्या असं म्हणायचं. अर्ध्याहून जास्त लोकांनी जागा दिली. पण त्या प्रयोगातली मला आठवत राहिलेली गोष्ट वेगळी आहे. विचारणाऱ्यांचेच हाल झाले. स्वतः मिलग्रॅम विचारायला गेले तेव्हा शब्द घशात अडकले. जागा मिळाल्यावर ते मान खाली घालून बसले, आजारी माणसासारखे. आपण आजारी आहोत, म्हणून जागा मागितली, असं दिसावं ही त्यांच्या शरीरानंच केलेली सोय होती.

आमच्याकडं मागणं इतकं जड नाही. "जरा सरका की" म्हटलं की दोघांच्या सीटवर तीन बायका बसतात, आणि चौथीचं पोर मांडीवर येतं. पण विनाकारण कुणाला उठवून बघा. धडधाकट माणसानं दुसऱ्या धडधाकट माणसाला नुसतं "उठा, मला बसायचंय" म्हणून बघा. मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं, परवा, लिंब खिंडीत. कानशिलं गरम झाली. नियम कुठं आहे ते असं कळतं. तो पाळताना जाणवत नाही, मोडायला गेलं की अंगावर येतो.

आता नजरेकडं येऊ. इथं घाई नको.

गाडीत चढणारं माणूस पायरीवरून वर येतं. बसलेल्या सगळ्यांची नजर एकदा त्याच्याकडं जाते. एका सेकंदापेक्षाही कमी. मग ती उतरते, खिडकीबाहेर जाते, मोबाइलवर जाते, पुढच्या सीटच्या पाठीवर जाते. उद्या तुम्ही चढाल तेव्हा हे पाहा, आणि बसल्यावर स्वतःच्या डोळ्यांतही पाहा. यात दोन हालचाली आहेत. पहिली, पाहणं. दुसरी, सोडणं. आपण समजतो की गाडीत कुणी कुणाकडं पाहत नाही. ते खरं नाही. पाहून मग सोडतात.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं 1963 सालच्या आपल्या पुस्तकात या दोन हालचालींना मिळून एक नाव दिलं, सिव्हिल इनअटेन्शन. मी त्याला सभ्य दुर्लक्ष म्हणते. पहिल्या हालचालीनं मी सांगते की तू इथं आहेस हे मी पाहिलं. दुसरीनं सांगते की मला तुझ्यापासून काही भीती नाही, तुझ्याकडून काही नको, आणि तुझं माझ्या नजरेपुढं प्रदर्शनही मांडायचं नाही. रस्त्यात समोरासमोर चालत येणारी दोन माणसं जवळ आल्यावर नजर खाली घेतात, त्याला त्यांनी दिवे मंद करण्याची उपमा दिली आहे. आमचे ड्रायव्हर हायवेवर रात्री हेच करतात. समोरची गाडी दिसली की डिपर देतात. दिवा बंद करत नाहीत. बंद केला तर समोरच्याला तुम्ही दिसणारच नाही. तसाच मोठा ठेवला तर त्याचे डोळे दिपतील.

या उपमेत तीनही गोष्टी आहेत: मंद दिवा, मोठा दिवा आणि विझलेला दिवा. त्यांच्याकडं एकेक करून पाहते.

मंद दिवा रोजचा. तो इतका अंगवळणी पडलाय की लहान पोराकडं पाहिल्याशिवाय दिसत नाही. गेल्या गुरुवारी माझ्या पुढच्या सीटवर दीड-दोन वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर उभी राहून मागं तोंड करून माझ्याकडं बघत होती. काजळ गालावर ओघळलेलं, हातात अर्धं बिस्किट. ती बघतच राहिली. वाढे फाटा गेला, तरी बघतेच आहे. मीही पाहिलं, हसले, मग माझीच नजर शरमली आणि बाहेर गेली. परत आत आली तर मुलगी तिथंच. तिला अजून सोडणं ठाऊक नव्हतं. शेवटी आईनं तिची हनुवटी धरून तोंड पुढं वळवलं आणि म्हणाली, "असं बघू नये गं." वळवलेलं तोंड क्षणात पुन्हा मागं. आईनं पुन्हा वळवलं. आपण सगळे असे, कुणाच्या तरी बोटांनी हनुवटी धरून, शिकलेलो आहोत.

जवळ बसलं की नजर आणखी मंद होते. मायकल आर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी 1965 साली मांडलं होतं की अंतर आणि नजर यांचा तराजू असतो: अंतर कमी झालं की माणसं नजर कमी करून तोल सांभाळतात. एसटीच्या सीटवर दोन अनोळखी दंड एकमेकांना टेकलेले असतात. इतक्या जवळ आपण घरच्यांनाच येऊ देतो. म्हणून शेजारच्याकडं वळून पाहणं जवळजवळ बंदच. दोघंही समोर पाहतात. अकरा वर्षांत ज्यांच्या दंडाला दंड लावून मी बसले त्यांच्यापैकी कितीतरी जणींचे हात मी ओळखते, बांगड्या ओळखते, तोंडं ओळखत नाही.

मोठा दिवा बाईला लवकर कळतो. तो कसा ओळखायचा, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. पण सातारा-वाई गाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. नजरेला नजर एकदा भिडली तर काही नाही, योगायोग. आपण बाहेर पाहिलं, परत आत आलो, तर ती तिथंच. तरीही सोडून देऊ, माणूस विचारात असेल. तिसऱ्यांदा तिथंच असली, की तो विचारात नाही. सोडायची हालचाल तो मुद्दाम करत नाही. मग पर्स दोघांच्या मधे येते. पदर, ओढणी सारखी होते. मोबाइल कानाला लागतो आणि पलीकडं कुणी नसताना "हो, आलेच, स्टँडवर ये घ्यायला" असं बोललं जातं. एकदा मी असंच बोलत असताना पलीकडच्या सीटवरच्या, माझ्याशी कधी न बोललेल्या, आजी म्हणाल्या, "पोरी, हिकडं ये बसायला, खिडकी घे." त्यांनी त्या माणसाकडं पाहिलंही नव्हतं, असं मला वाटत होतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. पाहून सोडून दिलेल्या नजरेत किती काही नोंदलं जातं, ते त्या दिवशी कळलं.

अंधार पडला की आणखी एक गंमत होते. बाहेर काळोख, आत दिवे, मग खिडकीची काच आरसा होते. बाहेर पाहायला म्हणून वळवलेली नजर काचेतल्या दुसऱ्या नजरेला भिडते. आणि तिथंही आपण सोडतो. प्रतिबिंबाचासुद्धा मान ठेवतो.

आता विझलेला दिवा. हे लिहायला मला वेळ लागणार आहे.

जिथं पहिली हालचालच होत नाही, तिथं दुसरीला अर्थ राहत नाही. पाहिलंच नाही, तर सोडणार काय? गॉफमन यांनी सभ्य दुर्लक्षाच्या शेजारीच ही वेगळी गोष्ट ठेवली आहे: समोरचं माणूस माणूस नाहीच, अशा रीतीनं त्याच्या आरपार पाहणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हीत कुणी टक लावत नाही, कुणी काही बोलत नाही. फरक त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात असतो. आणि गाडीत तो फरक दुसरीकडं उमटतो. शेजारच्या जागेवर.

संध्याकाळी पावणेसहाच्या गाडीला एक बाई असते. साफसफाईच्या कामावर आहे; साडीवर भडक नारिंगी जॅकेट, त्याला चमकणाऱ्या पट्ट्या. डाव्या बाजूच्या चौथ्या सीटवर, खिडकीला. गेले पंधरा दिवस मी जागा भरण्याचा क्रम पाहत होते, म्हणून हे दिसलं. नाहीतर आणखी अकरा वर्षं दिसलं नसतं. गाडी भरते. खिडक्या भरतात, मग शेजारच्या जागा भरतात, बायका बायकांशेजारी बसतात, राखीव सीट भरतात, मागची लांब सीट भरते. तिच्या शेजारची जागा तशीच. मग माणसं उभी राहू लागतात. एक उभी, दोन उभ्या. जागा तशीच. वाढे फाट्यापर्यंत कधी कुणी गावाकडची म्हातारी येऊन बसते, किंवा कुणी ज्याला काही माहीत नाही असं. काही दिवशी आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत ती रिकामी जाते, आणि तिच्याजवळच दांडीला धरून तीन बायका उभ्या असतात. मी पंधरा दिवसांतल्या नऊ संध्याकाळी त्या गाडीला होते. त्यातल्या सहा संध्याकाळी ती जागा शेवटी भरली किंवा भरलीच नाही.

कुणी नाक मुरडलं का? नाही. कुणी बोललं का? एक शब्द नाही. कुणाला विचारलं तर प्रत्येकीकडं कारण असेल: मला पुढंच उतरायचंय, मला बसून बसून कंटाळा आलाय, माझं लक्षच गेलं नाही. आणि प्रत्येक कारण एकेकटं खरंही असेल. मी माझं आठवलं. माझं कारण होतं, उजव्या बाजूला ऊन लागत नाही. संध्याकाळी वाईकडं, म्हणजे उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीत ऊन डावीकडूनच येतं, हे खरं आहे. पण सूर्य कलून काळोख पडल्यावरही मी उजवीकडंच बसत होते.

नियम लिहिलेला असता तर तो कुणीतरी फाडला असता. बाबासाहेबांच्या लहानपणीचा प्रसंग याच जिल्ह्यातला आहे. 1901 साली ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडं गोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरले. मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल करून मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानानं पायी चालायचं, असं ठरलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलंय. तिथं नकार तोंडावर होता, म्हणून त्याला तारीख आहे, स्टेशन आहे. आमच्या गाडीत तिकीट सगळ्यांना तेच, दार तेच, सीट त्याच, आणि ते कायद्यानं आणि लढ्यानं मिळालेलं आहे, लहान गोष्ट नाही. त्या बाईची जात मला ठाऊक नाही, विचारायची गरजही नाही. कुणीही तिला उठवत नाही. फक्त एक जागा भरायची राहते, रोज, आणि ती रिकामी कुणी ठेवली हे सांगता येत नाही, कारण ती आम्ही सगळ्यांनी मिळून ठेवलेली असते. तोच समजूतदारपणा, जो रुमालाच्या मालकाची वाट पाहतो, तीन माणसं हलवून सगळ्यांना नीट बसवतो, तोच इथंही काम करत होता, तितक्याच सराईतपणे.

हे लक्षात आल्यावरही मी चार संध्याकाळी तिच्या शेजारी बसले नाही. एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीनं जागा धरली होती. एकदा मुद्दाम जाऊन बसणं मलाच दिखाऊ वाटलं. उरलेल्या दोन दिवसांचं कारण मला सापडत नाही.

आज पाऊस होता. गाडी उशिरा लागली, गर्दी झाली. मी आत शिरले तेव्हा बऱ्याच जणी उभ्या होत्या आणि ती जागा रिकामी होती. मी गेले. सीटपाशी पोचले तेव्हा ती आधीच खिडकीकडं इतकी सरकलेली होती की दोघींची सीट असून तिनं एकीची अर्धीच वापरली होती. पिशवी मांडीवर, कोपर पोटाशी, पाय आत घेतलेले. कुणी येवो न येवो, ती रोज अशीच बसत असणार. मी बसायला वाकले आणि तिनं पदराचं टोक ओढून माझ्या बाजूचं रेक्झिन पुसलं. दोनदा. डावीकडून उजवीकडं, आणि पुन्हा.

सीट कोरडी होती. काच बंद होती, पाणी आलेलं नव्हतं.

मी "राहू द्या" म्हणाले, पण तोवर पुसून झालं होतं. मी बसले. आमचे दंड लागले नाहीत, कारण तिनं मधे तळहाताएवढं अंतर ठेवलं होतं. म्हटलं, "सरका की इकडं, तुम्ही अडचणीत बसलाय." ती जराशी सरकली. बोटभर.

कंडक्टर आला. तिनं "पाचवड" म्हटलं, मी पास दाखवला. लिंब खिंडीत गाडी हळू झाली, बाहेर काही दिसत नव्हतं, नुसते ट्रकचे दिवे. काच आरसा झाली. मी सवयीनं काचेकडं पाहिलं आणि त्यात ती होती. ती मला पाहत होती. तेव्हा मला कळलं की मी हा चेहरा आज पहिल्यांदा बघते आहे. जॅकेट मी दुरून ओळखत होते, बसण्याची सीट ओळखत होते. पण डाव्या भुवईवरची जुनी खूण, हनुवटीवरचं हिरवं गोंदण, माझ्याच वयाचे डोळे, यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं. किती महिने ती त्या सीटवर आहे तेही नाही.

तिनं नजर खाली घेतली. मीही घेतली. जशी कुणाहीपुढं घ्यावी तशी.

आनेवाडीला गाडी टोलला थांबली तेव्हा तिनं विचारलं, "वाईला रोज जाता का?" मी हो म्हटलं. "मी बघते की तुम्हाला," ती म्हणाली. "उजव्या बाजूला बसता."

पाचवडला ती उठली. मी पाय आत घेऊन वाट दिली. दांडीला धरून उभ्या असलेल्या मुलीला तिनं जाता जाता माझ्या शेजारची खिडकीकडची जागा दाखवली, "जा बाई, बस." ती मुलगी क्षणभर सीटकडं पाहत राहिली. मी खिडकीकडं सरकले. जिथं ती बसली होती तिथली सीट अजून ऊबदार होती. मग ती मुलगी माझ्या जागेवर बसली.